व्याजाचा वेश पालटलेला हिशेब

सोव्हिएत रशियात सरकारी भांडवलावर व्याज मोजणं हे पाखंड मानलं जाई. मूल्य श्रमातून निर्माण होतं, नुसत्या पैशातून नाही, ही मार्क्सची शिकवण. मग भांडवलाला कसलं आलंय व्याज? पण वीज आणि रेल्वेच्या इंजिनिअरांपुढे रोजचा प्रश्न होता. नदीवर धरण बांधून वीज काढावी की कोळशावर चालणारं केंद्र उभारावं? धरणाला आधी प्रचंड पैसा लागतो, पण पुढे चालवायचा खर्च अगदी थोडा. कोळशाचं केंद्र स्वस्तात उभं राहतं, पण त्याला दर वर्षी कोळसा घालावा लागतो. आजचा जास्तीचा रूबल आणि उद्याची बचत यांची तुलना करायची तर व्याजाशिवाय मार्ग नव्हता, आणि व्याजाचं नाव काढायचं नव्हतं.

त्यांनी पळवाट शोधली. धरणासाठी लागणारा जास्तीचा भांडवली खर्च भागिले धरणामुळे दर वर्षी वाचणारा चालू खर्च. उत्तर वर्षांत येतं, म्हणजे जास्तीचे पैसे किती वर्षांत वसूल होतात ते कळतं. ही मुदत ठरलेल्या मर्यादेच्या आत असली तर धरण मंजूर, नाहीतर कोळसा. आपल्याकडे कारखानदारापासून दुकानदारापर्यंत सगळे ज्याला पेबॅक म्हणतात तो हाच हिशेब. तो रशियाने शोधला असं नाही. ‘घातलेले पैसे कधी सुटतील’ हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. पण त्याला राज्याच्या नियमाचा दर्जा तिथे मिळाला.

वेश कसा पालटला ते पाहण्यासारखं आहे. १९६९च्या सोव्हिएत नियमावलीने सर्वसाधारण प्रमाण ०.१२ ठरवलं. एकाला ०.१२ने भागा, ८.३ वर्षं येतात. म्हणजे ‘८.३ वर्षांत वसुली’ हा बारा टक्के व्याजाचाच उलटा केलेला आकडा. त्याआधीच्या काळात निरनिराळ्या उद्योगांना निरनिराळी मुदत असे, विजेला लांब आणि हलक्या उद्योगांना आखूड. त्याचा अर्थ एकच रूबल एका खात्यात थोड्या कमाईवर मान्य होई आणि दुसऱ्या खात्यात दुपटीच्या कमाईवरही नाकारला जाई. शिवाय या भागाकारात बांधकामाचा काळ दिसतच नाही. व्होल्गेवरच्या कुइबिशेव्ह जलविद्युत केंद्राचं काम १९५० साली सुरू झालं आणि १९५७मध्ये पुरं झालं. तोवर त्यात पैसा अडकून पडला होता. १९५८च्या ऑगस्टमध्ये त्याच केंद्राच्या उद्‌घाटनाला ख्रुश्चेव्ह म्हणाले की वेळ वाचवायचा तर काही वर्षं औष्णिक केंद्रांवर भर द्यावा लागेल. धरणाच्या समारंभात धरणांचीच निंदा, असं दृश्य क्वचितच दिसत असेल. पण मुद्दा बरोबर होता.

आता मूळ प्रश्न. पेबॅकचा उलटा आकडा म्हणजे व्याजदर, हे कधी खरं ठरतं? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायरन गॉर्डन यांनी १९५५मध्ये ते दाखवून दिलं. दर वर्षीची कमाई सारखी असेल आणि यंत्राचं आयुष्य पेबॅकच्या निदान दुपटीहून जास्त असेल, तर तो आकडा खऱ्या परताव्याच्या जवळपास येतो. दहा लाखांचं यंत्र वर्षाला दोन लाख देतं, म्हणजे पेबॅक पाच वर्षं आणि उलटा आकडा वीस टक्के. यंत्र पंधरा वर्षं चाललं तर खरा परतावा साधारण १८.४ टक्के पडतो, फारसा फरक नाही. तेच यंत्र सहा वर्षांत भंगारात गेलं तर परतावा जेमतेम ५.५ टक्के. पेबॅक दोन्हीकडे पाचच वर्षं. पैसे सुटल्यानंतर यंत्र किती जगलं हे त्याने विचारलेलंच नसतं.

व्याज खुलेपणाने मोजणारा हिशेब मात्र याहून कितीतरी जुना. सायमन स्टेव्हिन यांनी १५८२ साली अँटवर्पमध्ये प्लांटिनच्या छापखान्यातून व्याजाची कोष्टकं प्रसिद्ध केली. तोवर सावकार मंडळी ती गुपितासारखी जपत. उद्या मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत काढून दोन व्यवहारांतला कोणता फायद्याचा आणि किती, हे त्यांतून ठरवता येई. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडच्या टाइन नदीकाठी कोळसाखाणींचे तपासनीस खाणीच्या पट्ट्याचं मोल याच पद्धतीने ठरवू लागले. सगळ्या वर्षांच्या आवकजावकेची आजची किंमत काढून बेरीज करायची, हेच आजचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही.

या दोन घराण्यांची सोयरीक अल्फ्रेड रॅपापोर्ट यांच्या १९६५च्या लेखात दिसते. त्याचं नावच ‘द डिस्काउंटेड पेबॅक पिरियड’ होतं. आधी प्रत्येक वर्षाची कमाई व्याजाने घटवून घ्यायची आणि मग मुद्दल केव्हा सुटतं ते मोजायचं. कल्पना शहाणपणाची वाटते, आणि एका बाबतीत ती आहेही.

दहा लाखांचे दोन पर्याय घ्या, व्याजदर दहा टक्के धरू. पहिल्यात तीन वर्षांत अनुक्रमे पाच, चार आणि दोन लाख मिळतात, पुढे काही नाही. साधा पेबॅक अडीच वर्षं. दुसरा पर्याय वरचंच यंत्र, वर्षाला दोन लाख, पंधरा वर्षं. पेबॅक पाच वर्षं. साधा हिशेब पहिला पर्याय उचलतो. पण त्या तीन रकमांची आजची किंमत ९.३५ लाखच भरते, म्हणजे घातलेल्या दहातले सुमारे पासष्ट हजार गेले. घटवलेल्या पेबॅकमध्ये हे लगेच उघडं पडतं, कारण पैसे कधी सुटतच नाहीत.

तिसऱ्या वर्षाचे दोन लाख साडेतीन करून पाहा. आता पहिला पर्याय घटवूनही २.८ वर्षांत सुटतो आणि शिल्लक राहतात अठ्ठेचाळीस हजार. दुसऱ्याला घटवून ७.३ वर्षं लागतात, पण त्याचं निव्वळ वर्तमान मूल्य ५.२१ लाख. घटवलेला पेबॅक तरीही पहिल्यालाच पुढे करतो. दुसऱ्याची आठव्या वर्षापासूनची कमाई, जिच्यात खरा नफा आहे, ती त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

याहून वाईट प्रकार खाणीत घडतो. समजा दुसरा पर्याय यंत्र नसून छोटी खाण आहे आणि सोळाव्या वर्षी ती बुजवून जमीन पूर्ववत करायला पंचवीस लाख लागणार आहेत. त्यांची आजची किंमत ५.४४ लाख. म्हणजे ५.२१ लाखांचा नफा पुसला जाऊन सुमारे तेवीस हजारांचा तोटा उरला. घटवलेला पेबॅक मात्र अजूनही ७.३ वर्षंच दाखवतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की आयुष्याच्या आत घटवून पैसे सुटले म्हणजे मूल्य धनच असणार. ते तेव्हाच खरं, जेव्हा सुटण्याच्या वर्षानंतर कोणतीही मोठी जावक नसते. असा तक्ता समोर आला तर शेवटच्या रांगेपासून वर वाचत जावं. उणे चिन्ह दिसलं की पेबॅकचा आकडा बाजूला ठेवावा.

तरीही हा हिशेब मेलेला नाही. ग्रॅहम आणि हार्वे यांनी २००१मध्ये छापलेल्या पाहणीत अमेरिका-कॅनडातल्या ३९२ वित्त अधिकाऱ्यांपैकी ५६.७ टक्के साधा पेबॅक नेहमी किंवा बहुतेक वेळा वापरत होते. एनपीव्ही वापरणारे ७४.९ टक्के होते. छोट्या कंपन्यांत पेबॅकचा मान एनपीव्हीच्या जवळपास होता. ज्याच्याकडे दोन वर्षांपलीकडे टिकायची ऐपत नाही, त्याला पैसे लवकर सुटणं हीच खरी काळजी असते, आणि तेवढ्यापुरता तो चुकत नाही. घटवलेला पेबॅक मात्र जेमतेम २९.५ टक्क्यांच्या वापरात होता. मला त्याचं कारण सरळ दिसतं: ज्याने सगळ्या वर्षांच्या रकमा मांडून त्या घटवण्याची मेहनत केली आहे, तो सातव्या वर्षी पेन्सिल कशाला खाली ठेवील? आणखी आठ ओळींची बेरीज केली की एनपीव्ही हातात येतं.