मदुराई मिशन व जानव्याचा वाद
इटालियन जेझुइट रोबेर्तो दे नोबिली १६०६ मध्ये मदुराईला आला, तेव्हा तेथे ख्रिस्ती होणे म्हणजे ‘परंगी’, अर्थात पोर्तुगीज होणे, असा समज होता. त्याने मांसाहार सोडला, भगवी वस्त्रे घेतली, तमिळ व संस्कृत आत्मसात केली आणि दीक्षितांना शेंडी, जानवे व चंदन ठेवू दिले. ही कुळाची व विद्येची लौकिक चिन्हे असून धर्माची नव्हेत, हा त्याचा दावा होता. पहिली तक्रार मदुराईतील त्याचाच ज्येष्ठ जेझुइट सहकारी गोंसालो फर्नांडिस याने केली. जानवे मंत्रांनी धारण होते, मग ते केवळ लौकिक कसे, हा आक्षेप वजनदार होता. मूळ विधी टाळून धाग्याला ख्रिस्ती आशीर्वाद द्यावा, असे नोबिलीचे उत्तर. १६१९ च्या गोव्यातील परिषदेत बहुमत त्याच्या विरोधात गेले. १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी मात्र सशर्त परवानगी दिली.

वाद मूर्तिपूजेपुरता मानणे अपुरे आहे. चिन्ह लौकिक की धार्मिक हे कोणी ठरवायचे, हा खरा प्रश्न होता. शिवाय जानवे लौकिक मानले, की जातही लौकिक ठरते. नोबिलीची खरी उणीव इथेच दिसते. पुढे उच्च व अस्पृश्य जातींसाठी वेगळे मिशनरी नेमले गेले. आजारी अस्पृश्य ख्रिस्ती माणसाच्या घरी जाऊन संस्कार द्यावेत, असे पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांना १७०४ मध्ये पाँडिचेरीत फर्मानाने बजावावे लागले.