सहाव्या वर्षीची दाढ : दुसरीच्या वर्गासाठी एक तासिका

दुधाचा दात पडला की घरात त्याची चर्चा होते. मात्र वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास तोंडात येणारी पहिली कायमची दाढ कोणाच्याही लक्षात येत नाही. ती येण्यापूर्वी कोणताही दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे मोकळ्या जागेत ती हळूहळू वर येते. त्यामुळे ती दुधाचीच आहे, किडली तरी पडून नवी येईल, असा पालकांचा समज होतो. प्रत्यक्षात ती आयुष्यभरासाठी असते. म्हणूनच शाळेत दातांविषयी एकच तासिका घ्यायची असेल, तर ती या दाढेभोवती गुंफावी. चाळीस मिनिटांच्या तासिकेची ही रूपरेषा.

दाढ शोधा (पाच मिनिटे)

दुधाचे दात वीस. म्हणजे समोरच्या मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला पाच. त्यामुळे मधून मोजत गेल्यास सहावी जी लागेल, ती कायमची दाढ. मुलांनी हात न घालता केवळ जिभेच्या टोकाने मोजावे. या वयात पुढचे दात पडलेले असतात आणि मोजणी तेथेच चुकते. म्हणून रिकामी जागाही एक दात धरून मोजण्यास शिक्षकांनी सांगावे. काहींना चारही दाढा सापडतील, काहींना एखादीच, तर काहींना एकही नाही. ज्यांना सापडणार नाही, त्यांची दाढ अजून वाटेवर आहे, एवढेच सांगावे.

आम्लाचा प्रयोग (आठ मिनिटे)

काचेच्या पेल्यात पांढरा व्हिनेगर घेऊन त्यात अंड्याचे स्वच्छ कवच टाकावे. कवचावर लगेच बुडबुडे दिसू लागतात. आदल्या दिवशी भिजत ठेवलेले दुसरे कवच सोबत ठेवल्यास ते किती मऊ पडले आहे, हे मुलांना हाताने पाहता येते. शाळेत अंडे चालत नसेल, तर शिंपल्याचा तुकडा वापरावा. फळ्यावरचा खडू मात्र घेऊ नये. हल्लीचे बरेच खडू जिप्समचे असतात; त्यांना बुडबुडे येत नाहीत आणि प्रयोग फसतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. दाताचे कवच अंड्याच्या कवचाहून वेगळ्या पदार्थाचे आणि कितीतरी कठीण असते. तोंडातले आम्लही बाहेरून येत नाही. दातांवरील चिकट थरातले जंतू साखरेपासून ते तयार करतात. पेल्यात काही तासांत घडते, त्याला तोंडात अनेक महिने लागतात.

साखर किती, यापेक्षा किती वेळा (दहा मिनिटे)

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवर आम्ल तयार होते. लाळ ते हळूहळू निष्प्रभ करते. त्याला साधारण अर्धा तास लागतो. हे मुलांना फळ्यावर दाखवावे. समजा, एका मुलाने चार टॉफ्या आणल्या. एक बसमध्ये खाल्ली, एक पहिल्या तासानंतर, एक मधल्या सुटीनंतर आणि एक घरी जाताना. फळ्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार लाल पट्ट्या ओढाव्यात. बेरीज दोन तास. त्याच चार टॉफ्या डब्यातल्या पोळीभाजीनंतर लागोपाठ खाल्ल्या असत्या, तर पट्टी मुख्यतः एकच. साखर तेवढीच, पण दातांवरचा मारा कितीतरी कमी.

यातून मुलांना पाळता येण्याजोगा नियम मिळतो : गोड जेवणासोबत, मधल्या वेळी नाही. लाडू, शिरा यांना बंदी घालण्याची गरज उरत नाही. वाढदिवसाची चॉकलेटे वर्गात पहिल्या तासाला न वाटता डब्याच्या वेळी वाटण्याचा निर्णय तर शिक्षक त्याच दिवशी घेऊ शकतात. बिस्किटे गोडापेक्षा ‘साधी’ समजली जातात. परंतु त्यांचा चिकट लगदा दाढेच्या खाचांत बराच वेळ बसून राहतो, हेही सांगावे.

ब्रश आडवा धरा (बारा मिनिटे)

नवी दाढ शेजारच्या दाढेपेक्षा काही महिने बुटकी असते. नेहमीसारखा ब्रश फिरवला, की तो वरच्यावर निघून जातो आणि खाचांतला थर तसाच राहतो. उपाय असा, की इतर दात घासून झाल्यावर तोंड अर्धवट मिटावे, म्हणजे गाल सैल होतो. मग ब्रश गालाच्या बाजूने दातांच्या रांगेला आडवा धरून केवळ या दाढेवर मागेपुढे फिरवावा. दातांच्या मोठ्या प्रतिकृतीवर शिक्षकांनी हे दाखवावे आणि प्रत्येक मुलाकडून करून घ्यावे. प्रतिकृती नसेल, तर बंद मुठीची चार बोटे दात समजून सरावाचा कोरा ब्रश फिरवता येतो. एकाचा ब्रश दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये.

फ्लोराईडयुक्त टूथपेस्ट वाटाण्याएवढी पुरे. दोन मिनिटे घासून फेस थुंकावा. नंतर पाण्याने खळखळून चूळ भरू नये, अन्यथा दातांवर राहायला हवे ते फ्लोराईड वाहून जाते. आपल्याकडे सकाळी दात घासण्याची सवय पक्की आहे, रात्रीची नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीचे घासणे अधिक मोलाचे. त्यानंतर केवळ पाणी. साखर घातलेले दूध प्यायचे असेल, तर घासण्यापूर्वी.

पालकांसाठी चिठ्ठी (पाच मिनिटे)

दुसरीतल्या मुलाला एकट्याने नीट घासता येत नाही, ही या तासिकेची मर्यादा. म्हणून शेवटी घरी न्यायची चिठ्ठी द्यावी. तीत तीन गोष्टी असाव्यात. पहिली, रात्री एक हात पालकांनी स्वतः फिरवावा. दुसरी, दाढ कोरडी करून उजेडात पाहावी. खडूसारखा पांढरा डाग ही किडीची पहिली खूण असते आणि या टप्प्यावर ती थोपवता येते. खड्डा पडल्यावर भरणे आवश्यक ठरते. वेदनेची वाट पाहू नये, कारण ती फार उशिरा येते. तिसरी, सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे तपासणी करावी आणि दाढेच्या खाचांवर संरक्षक लेप, म्हणजे सीलंट, लावणे योग्य आहे का, हे विचारावे. हा लेप लावताना दाढ कोरडी राहावी लागते, त्यामुळे ती पुरेशी वर येईपर्यंत थांबावे लागू शकते. लेपाचा तुकडा निघू शकतो, म्हणून पुढेही तो तपासून घ्यावा.

२०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांच्या तपासणीत दातांच्या तक्रारींचाही समावेश आहे. खासगी विनाअनुदानित शाळांतील पालकांनी मात्र तपासणीची सोय स्वतः करावी. मुंबईत पालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

पंधरा दिवसांनंतर

अनेक शाळा ब्रश केल्याचा तक्ता भरून घेतात. तक्त्यावरच्या साऱ्या खुणा एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या, की तो शनिवारी रात्री भरला गेला, हे ओळखावे. त्याऐवजी पंधरा दिवसांनी दोनच प्रश्न विचारावेत : ‘तुझी सहावी दाढ कुठे आहे, दाखव’ आणि ‘काल रात्री दात घासल्यावर काय खाल्लेस किंवा प्यायलास?’ दुसऱ्याचे उत्तर ‘दूध’ असे आले, तर चिठ्ठी घरी पोहोचली नाही, किंवा पोहोचूनही वाचली गेली नाही. अशा पालकांशी पुढच्या सभेत दोन मिनिटे बोलावे.