‘कॅसाब्लांका’, १९५२ : जर्मन प्रेक्षकांनी पाहिलेला दुसराच चित्रपट

१९५२ साली ‘कॅसाब्लांका’ पश्चिम जर्मनीतल्या चित्रपटगृहांत प्रथमच झळकला. हम्फ्री बोगार्ट होता, इन्ग्रिड बर्गमन होती, पियानो होता, शेवटचा धुक्यातला विमानतळही होता. नव्हते ते फक्त नाझी.

परभाषेतला चित्रपट पहिल्यांदा पाहताना डब केलेली आवृत्ती घ्यावी की उपशीर्षकांची, हा वाद बहुधा सोयीच्या किंवा अभिरुचीच्या अंगाने घातला जातो. जर्मनीतले हे उदाहरण त्याच प्रश्नाची वेगळी बाजू दाखवते.

मूळ चित्रपट १९४२चा, ऐन युद्धातला. मोरोक्को तेव्हा फ्रान्सच्या विशी सरकारच्या ताब्यात. कॅसाब्लांका शहरात रिक नावाच्या अमेरिकन माणसाचा कॅफे आहे आणि युरोपातून पळालेले निर्वासित तिथे अमेरिकेच्या वाटेची खटपट करत बसलेले असतात. व्हिक्टर लाझलो हा चेक प्रतिकार चळवळीचा नेता नाझी छळछावणीतून निसटून तिथे पोहोचतो. त्याच्या मागावर जर्मन मेजर श्ट्रासर येतो. लाझलोची पत्नी इल्सा ही एके काळची रिकची प्रेयसी. प्रेम राखायचे की लाझलोला सुखरूप बाहेर काढायचे, हा रिकपुढचा पेच, आणि त्याचे सगळे वजन लाझलो कोणाविरुद्ध लढतो आहे यावर तोललेले.

जर्मन आवृत्तीत लाझलोचा व्हिक्टर लार्सन झाला : नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ, कसल्याशा ‘डेल्टा किरणां’चा शोध लावणारा. पोलीस कप्तान रेनो हा लापोर्त नावाचा इंटरपोलचा माणूस ठरला. मेजर श्ट्रासर समूळ नाहीसा झाला. मूळची १०२ मिनिटे वीसहून अधिक मिनिटांनी घटली. कॅफेत जर्मन अधिकारी आपले देशभक्तिगीत म्हणू लागतात आणि लाझलोच्या सांगण्यावरून वाद्यवृंद फ्रान्सचे राष्ट्रगीत छेडून त्यांचा आवाज बुडवतो, तो प्रसंगही गेला. त्या प्रसंगात डोळे भरून आलेली तरुणी दिसते, ती अभिनेत्री मादलेन लबो. १९४० मध्ये जर्मन सैन्य येण्यापूर्वी ती स्वतः पॅरिसहून पळाली होती. श्ट्रासरची भूमिका करणारा कोनराड फाइट हाही नाझींमुळे जर्मनी सोडलेला नट. म्हणजे ज्यांना मायदेश सोडावा लागला, त्यांचेच काम जर्मनीत दाखवताना कापले गेले.

ही किमया निव्वळ कात्रीची नव्हे. कात्रीने प्रसंग जातो, पण उरलेल्या प्रसंगांतली पात्रे त्याच्याविषयी बोलतच राहतात आणि भोक उघडे पडते. ते भोक डबिंगने बुजवले. डबिंगमध्ये मूळ संवाद पूर्ण पुसले जातात. संगीत आणि पार्श्वध्वनी राखून त्यांवर नवे संवाद चढवले जातात. नटाचा चेहरा जवळून दिसत असेल तर ओठांच्या हालचालीला जुळेल असेच वाक्य शोधावे लागते. पण पात्र पाठमोरे असेल, दूर असेल किंवा दुसऱ्याचे ऐकत असेल, तर तिथे वाटेल ते वाक्य बसते. छळछावणीच्या जागी तुरुंग आणि प्रतिकाराच्या जागी किरण असे बसत गेले.

प्रथमच पाहणाऱ्याच्या हाती तुलनेला दुसरे काही नसते, आणि इथेच त्याची अडचण होते. त्या वर्षीच्या प्रेक्षकाला पडद्यावर एक सुबक प्रेमकथा दिसली. फार तर एखाद्याला शंका आली असेल : एका किरणशास्त्रज्ञासाठी रिकने एवढा त्याग का करावा? कारण काढून घेतले की कृती लटकी वाटते, आणि दोष मात्र पटकथेच्या माथी जातो.

हा एकटादुकटा प्रकार नव्हता. हिचकॉकच्या ‘नोटोरियस’मधले युरेनियम जर्मन डबिंगमध्ये अमली पदार्थ बनले. फ्रँकोच्या स्पेनमध्ये परदेशी चित्रपटांचे स्पॅनिश डबिंग १९४१ मध्ये सक्तीचे झाले आणि संवाद सेन्सॉरच्या मुठीत आले. पुढे ‘मोगाम्बो’मध्ये विवाहितेचे परपुरुषावर प्रेम दिसू नये म्हणून तिथे नवराबायकोला भाऊबहीण केले गेले. मग त्या भावाबहिणीची जवळीक पाहून प्रेक्षकांना व्यभिचारापेक्षा भलताच संशय येऊ लागला. नीतिरक्षणाची अशी फजिती विरळाच.

उपशीर्षके खोटे बोलत नाहीत असे मुळीच नाही. तीही बदलता येतात, आणि प्रामाणिक असली तरी तोकडी पडतात. पडद्याच्या तळाशी दोन ओळी, एका ओळीत साधारण चाळीस अक्षरे, तीही काही सेकंदांपुरती. त्यामुळे जलद संवाद आटवूनच लिहावे लागतात. ज्याला ती भाषा सावकाश वाचता येते, त्याचे डोळे खालीच खिळतात आणि चेहरे निसटतात. मराठी प्रेक्षकाला ती बहुतेकदा इंग्रजीतच मिळतात, तेव्हा हा तोटा किरकोळ नाही. पण उपशीर्षके मूळ आवाजाला हात लावत नाहीत. ‘लाझलो’, ‘गेस्टापो’ ही नामे कोणत्याही भाषेच्या कानाला ऐकू येतात. खाली ‘लार्सन’ लिहिले आणि वर ‘लाझलो’ ऐकू आले, तर लबाडी तिथल्या तिथे पकडली जाते. डबिंगमध्ये हा साक्षीदारच उरत नाही.

‘कॅसाब्लांका’त आवाजाचे आणखी एक काम आहे. अमेरिकेला निघालेले एक वृद्ध जर्मन जोडपे आता आपसात इंग्रजीच बोलायचे असे ठरवते आणि घड्याळातली वेळ विचारताना जर्मन वाक्यरचना शब्दाला शब्द लावून इंग्रजीत आणते. विनोद साधा आहे, पण त्यात परक्या भाषेत घर मांडण्याची सगळी केविलवाणी धडपड आहे. सगळी पात्रे एकाच सफाईदार भाषेत बोलू लागली, तर हंगेरियन, फ्रेंच, ऑस्ट्रियन ढंगांची ती गर्दी सपाट होते आणि कॅफे निर्वासितांचा राहत नाही.

तरीही डबिंगवर सरसकट फुली मारणे इतिहासाला धरून नाही. १९७५ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीने पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे नवे डबिंग करून दाखवले. लाझलो पुन्हा लाझलो झाला, श्ट्रासर परतला. भाषा तीच, पद्धत तीच, चित्रपट मात्र वेगळा.

इटलीत तर प्रश्नच उलटा होतो. तिथे चित्रीकरणानंतर स्टुडिओत आवाज भरण्याची रीत दशकानुदशके रूढ होती. व्हिस्कोंतीच्या ‘इल गात्तोपार्दो’चा (१९६३) नायक अमेरिकन बर्ट लँकेस्टर, इटालियन आवृत्तीत त्याचा आवाज दुसऱ्या नटाचा आहे. त्याचा स्वतःचा आवाज हवा असेल तर इंग्रजी आवृत्ती पाहावी लागते, पण ती बरीच कापलेली आहे आणि व्हिस्कोंतीने ती आपली मानली नाही. इथे ‘मूळ आवाज’ शोधणारा प्रेक्षक कापलेल्या चित्रपटापाशी पोहोचतो. पहिल्या पाहण्यासाठी इटालियन आवृत्ती उपशीर्षकांसह घ्यावी, नायकाचा आवाज उसना असला तरी.

म्हणून डब की उपशीर्षक हे ठरवण्याआधी एक साधी तपासणी करावी : समोरच्या आवृत्तीची लांबी मूळ लांबीशी जुळते का, आणि पात्रांची नावे मूळ श्रेयनामावलीतलीच आहेत का. १९५२च्या त्या जर्मन प्रतीत या दोन्ही खुणा उघड होत्या. त्या ताडून पाहायला मूळ चित्रपट मात्र प्रेक्षकांपाशी नव्हता.