वितरक करार समाप्तीपत्र

उत्पादक किंवा वितरक यांपैकी एकाने वितरणाचा करार संपवत असल्याची दुसऱ्याला दिलेली लेखी सूचना. तीत कराराची तारीख, समाप्तीचे कलम आणि व्यवहाराचा शेवटचा दिवस नमूद करतात. कारण न देता करार संपवण्याची मुभा असेल, तर पत्रात आरोप न लिहिणे शहाणपणाचे; लिहिलेला आरोप पुढे सिद्ध करावा लागतो. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस (१९९१) या खटल्यात करार ३० दिवसांच्या सूचनेने संपवता येत होता. त्यामुळे समाप्ती चुकीची ठरूनही सर्वोच्च न्यायालयाने वितरणहक्क परत दिला नाही. तेवढ्याच दिवसांच्या उत्पन्नाची भरपाई मान्य केली.

हिशेबाचा परिच्छेद मात्र सविस्तर हवा. समजा, वितरकाकडे करारानुसार परत घेण्याजोगा माल ४ लाखांचा, कंपनीकडे त्याची अनामत १ लाख आणि त्याच्याकडून कंपनीला येणे असलेली थकबाकी साडेतीन लाख आहे. तर कंपनीच दीड लाख देणे लागते. वाद बहुधा मुदत संपलेल्या मालावर आणि योजनांच्या थकलेल्या दाव्यांवर होतो. म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून माल मोजण्याची तारीख पत्रातच देतात आणि खातेउतारा सोबत जोडतात. मोजणीच्या यादीवर दोघांच्या सह्या झाल्यावरच अंतिम रक्कम ठरते.