जलधारक टाकीच्या भिंतीतील तडे-नियंत्रण

पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या टाकीच्या भिंतीतील तड्यांची रुंदी मर्यादेत ठेवण्याची पद्धत. ओतलेले काँक्रीट थंड होताना आकसते. पण आधी घट्ट झालेला तळ भिंतीला अडवतो, म्हणून तिला उभे तडे जातात. ते आडव्या सळया आवरतात. भारतीय मानक आयएस ३३७० (भाग २) नुसार तड्याची रुंदी ०.२ मिमीपेक्षा जास्त नसावी.

सळईचे प्रमाण तेच ठेवले, तर तड्यांमधील अंतर सळईच्या व्यासाच्या प्रमाणात वाढते. तडे दूरदूर पडले की आकुंचन थोड्याच तड्यांत एकवटते आणि प्रत्येक तडा रुंद होतो. उदाहरणार्थ, २०० मिमी जाड भिंतीत प्रत्येक बाजूच्या १०० मिमी थराला ०.३५ टक्के, म्हणजे मीटरमागे ३५० चौ. मिमी पोलाद लागते. ८ मिमी सळया १४० मिमी अंतरावर बसवल्यास ते मिळते. १२ मिमी सळयांसाठी अंतर सुमारे ३२० मिमी येते आणि तड्यांची रुंदी दीडपट होते. शिवाय सळयांमधील अंतर ३०० मिमी किंवा भिंतीची जाडी, यांपैकी कमी असलेल्या मापापेक्षा जास्त चालत नाही. येथे ती मर्यादा २०० मिमी आहे.

अरुंद तडे पाण्यात विरघळणाऱ्या चुन्याने पुढे आपोआप बुजतात. रुंद तड्यांतून गळती सुरूच राहते.