रोख प्रवाह पत्रक : नफ्यातील धंद्याची रोकडटंचाई

रोख प्रवाह पत्रक : ठरावीक काळात धंद्यात प्रत्यक्ष किती रोकड आली, किती गेली आणि कशापायी, हे दाखवणारे वित्तीय विवरण. व्यवहारात त्याला ‘कॅश फ्लो’ म्हणतात. नफा-तोटा पत्रकात विक्रीची नोंद माल ग्राहकाच्या ताब्यात गेल्यावर होते; पैसे तीन महिन्यांनी आले तरी नफा आजच दिसतो. उलट, न विकलेल्या मालावर झालेला खर्च नफ्यातून वजाच होत नाही, तो मालसाठा म्हणून ताळेबंदात जाऊन बसतो. म्हणून नफा खोटा नसतानाही बँकेतली शिल्लक आटते.

पत्रकाचे तीन भाग असतात : नेहमीच्या व्यवसायातून, गुंतवणुकीतून आणि वित्तपुरवठ्यातून होणारी आवक-जावक. पहिला भाग बहुतेक कंपन्या अप्रत्यक्ष पद्धतीने मांडतात. म्हणजे नफ्यापासून सुरुवात करून तो रोकडीपर्यंत आणतात. समजा, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची वार्षिक विक्री १२० लाखांवरून १८० लाख रुपयांवर गेली आणि करोत्तर नफा १२ लाख झाला. घसाऱ्याचे ४ लाख नफ्यातून वजा झालेले असतात, पण ते कोणाला द्यावे लागलेले नसतात. म्हणून ते परत मिळवायचे. ग्राहकांना तीन महिन्यांची उधारी असल्याने येणी ३० लाखांवरून ४५ लाखांवर गेली : वजा १५ लाख. वाढत्या मागणीसाठी मालसाठा ९ लाखांनी वाढवला, तेही वजा. पुरवठादारांकडची उधारी मात्र ३ लाखांनीच वाढली, ती अधिक. हिशेब उणे ५ लाखांवर येतो. त्याच वर्षी १० लाखांचे यंत्र घेतले आणि बँकेने त्यासाठी ८ लाख कर्ज दिले. वर्षारंभी ८ लाख असलेली शिल्लक वर्षअखेर १ लाख उरते. पुढचा पगारही त्यातून भागायचा नाही.

यात कोणाची लबाडी नाही की धंदा वाईट नाही. रोकड वाढीनेच खाल्ली. पुढच्या वर्षी विक्री १८० लाखांवरच स्थिरावली आणि येणी, साठा व देणी तशीच राहिली, तर तेवढ्याच नफ्यावर व्यवसायातून १६ लाख हाती येतील. अट एकच : ग्राहकांनी पैसे दिले पाहिजेत.

ही अट कशी मोडते याचे अभ्यासकांनी वारंवार तपासलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील डब्ल्यू. टी. ग्रँट ही दुकानसाखळी. १९०६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीची पुढे हजाराहून अधिक दुकाने झाली. विक्री वाढवण्यासाठी तिने स्वतःची क्रेडिट कार्डे सढळ हाताने वाटली. फेडीला ३६ महिने आणि महिन्याचा किमान हप्ता एक डॉलर. १९७३ च्या जानेवारीअखेर संपलेल्या वर्षात सुमारे ३.८ कोटी डॉलर नफा दिसत होता, लाभांशही वाटला जात होता आणि कंपनीचा शेअर बाजारात नफ्याच्या सुमारे २० पट भावाने विकला जात होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जेम्स लार्गे आणि क्लाइड स्टिकनी या अभ्यासकांनी १९८० मध्ये जुने हिशेब उलगडून दाखवले, की अखेरच्या १० वर्षांपैकी ८ वर्षे व्यवसायातून येणारी रोकड उणेच होती. येणी आणि साठा फुगत गेले, तूट कर्जाने भरली गेली.

हे वेळीच का दिसले नाही? त्या काळच्या अमेरिकी कंपन्या ‘निधी’ विवरण देत, पण त्यात निधी म्हणजे बहुधा खेळते भांडवल. येणी वाढली की खेळते भांडवल वाढते; म्हणजे दुखणेच तब्येत म्हणून मोजले जात होते. रोकडीवर आधारलेले पत्रक तिथे १९८७ च्या मानकाने सक्तीचे झाले. भारतात कंपनी कायदा, २०१३ ने ते वित्तीय विवरणांचा भाग केले, मात्र एकल-व्यक्ती, लहान आणि निष्क्रिय कंपन्यांना सूट ठेवली. रोकडीची ओढाताण ज्यांना जास्त सोसावी लागते, अशा कितीतरी लहान कंपन्या यामुळे सुटतात, हे खटकते.

एका वर्षाच्या उण्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. चार-पाच वर्षांचा नफा आणि व्यवसायातून आलेली रोकड यांच्या बेरजा शेजारी ठेवाव्यात. येणी विक्रीच्याच प्रमाणात वाढली असतील, तर कारण बहुधा वाढ हेच. त्याहून वेगाने वाढत असतील, तर वसुली रखडली आहे किंवा विक्रीसाठी उधारी सैल केली आहे, असा संशय घ्यावा. पत्रकालाही रंगरंगोटी करता येते. मार्चअखेर पुरवठादारांचे पैसे अडवून एप्रिलमध्ये दिले किंवा येणी वटवून घेतली, तर त्या वर्षापुरता पहिला भाग बरा दिसतो. म्हणून देण्यांचा वाढलेला आकडा आणि टिपांमधील बिल वटवणुकीचा उल्लेख त्यासोबत वाचावा लागतो.