एकच रिंग देणारा मिस्ड कॉल: परत फोन केल्यावर पैसे का जातात?

परदेशी नंबरवरून एक रिंग देऊन फोन कापायचा आणि समोरच्याला परत फोन करायला लावायचं, या फसवणुकीला ‘वांगिरी’ म्हणतात. जपानीत याचा अर्थ ‘एक रिंग आणि कट’. नुसत्या मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत. परत फोन केला की मात्र महागडा आयएसडी दर लागतो आणि त्यातला वाटा भामट्यांना मिळतो. म्हणूनच पलीकडे गाणं किंवा रेकॉर्डिंग लावून कॉल लांबवतात.

समजा, महाड तालुक्यातल्या तुडीलमध्ये एखाद्या आईच्या फोनवर +216 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून रिंग आली. कुवेतमधल्या मुलाचाच फोन असेल, असं तिला वाटू शकतं. पण कुवेतचा कोड +965 आहे, +216 ट्युनिशियाचा. अशा वेळी परत फोन न करता मुलाच्या सेव्ह केलेल्या नंबरवरच विचारावं.